चार मिनिटांत तीस तबकड्या

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गर्दी लोटते. पुण्याच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावच्या बाजूला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. शाळांच्या बस येतात, आसपासच्या गावांतली माणसं येतात, पुण्या-मुंबईचे हौशी येतात. समोर दिसते ती ४५ मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची, फिरणारी प्रचंड तबकडी. मग दुसरी, तिसरी, आणि लांब शेतांपलीकडे आणखी. एकूण तीस.

पाहुण्यांच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत येणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. डोळा कुठे लावायचा? हिच्यातून काय ऐकू येतं? जाळीला एवढी भोकं कशी चालतात? आणि एवढ्या तीस कशाला, एकच मोठी बांधायची ना?

अशा पाहुण्यांना मंडपात बसवून किंवा उभ्याउभ्याच दाखवायची चार मिनिटांची अॅनिमेशन फिल्म लिहायला घेतली, तर संहितालेखकाच्या टेबलावर काय काय घडतं, ते या एका उदाहरणातून चांगलं कळतं. अॅनिमेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चित्रं येतात, पण अशा फिल्मचं बरंवाईट बहुतेक वेळा पहिलं चित्र काढण्याआधीच, कागदावर ठरून गेलेलं असतं.

कामाची सुरुवात संस्थेकडून आलेल्या यादीने होते. यादीत सगळंच असतं आणि सगळंच महत्त्वाचं असतं. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण कशी कल्पिली, दोरखंडांच्या साहाय्याने जाळी ताणून हलकी आणि स्वस्त तबकडी कशी साधली, कोणकोणत्या वारंवारितांवर काम चालतं, २०२३ मध्ये अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत कसा मिळाला, त्याच वर्षी गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचा पुरावा गोळा करण्यात जीएमआरटीच्या नोंदींचा वाटा काय होता. यातली एकही गोष्ट कंटाळवाणी नाही, आणि अडचण तिथेच आहे. चार मिनिटांत एवढं कोंबलं की पाहुणा बाहेर पडताना ‘खूप मोठं काम आहे’ एवढंच म्हणतो. ते तर त्याला तबकडी पाहूनच कळलं होतं.

म्हणून लेखकाचं पहिलं काम यादीतून एक प्रश्न उचलण्याचं. इथे तो ‘तीस कशाला?’ हाच असावा. हा प्रश्न संस्थेने पाहुण्याच्या तोंडी घातलेला नाही, तो त्याने मैदानावरून स्वतः आणलेला आहे. त्याचं उत्तर दुर्बिणीच्या गाभ्याशी जातं. आणि ते हलत्या चित्रांशिवाय सांगणं खरोखर अवघड आहे, म्हणजे अॅनिमेशनवर खर्च करायला कारणही आहे. गोविंद स्वरूपांची गोष्ट पोस्टरवर छान बसते, शोधांची माहिती तिथे उभा असलेला संशोधक जास्त रंगवून सांगेल.

नंतर हिशेब शब्दांचा. मराठी निवेदन कानाला सुखाने झेपेल अशा वेगाने वाचलं, तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. चार मिनिटांचे झाले चारशे ते पाचशे. पण चित्र एकटं बोलू शकेल अशा जागाही सोडायच्या असतात, कारण नवीन काही दिसत असताना माणूस ऐकत नाही. त्या जागा वजा केल्या की हातात उरतात साडेतीनशेच्या आसपास शब्द. हा लेख त्याच्या सात पट लांब आहे. अनुभवी लेखक शब्द मोजण्यावरही फारसा विसंबत नाहीत. ते घड्याळ लावून मोठ्याने वाचतात. ‘तबकड्यांमधल्या’ हा एक शब्द आणि ‘मग’ हाही एक शब्द, पण तोंडात दोन्हींना सारखा वेळ लागत नाही.

आता खरी अडचण. पाहुणा रिकाम्या डोक्याने येत नाही. ‘रेडिओ दुर्बीण’ असं कानावर पडलं की ती आकाशातले आवाज ऐकते, अशी त्याची समजूत होते. शिवाय छपरावरची डिश पाहून मोठा झालेल्या अनेकांना वाटतं की हीदेखील उपग्रहाशी बोलत असणार, काहीतरी वर पाठवत असणार. या समजुती बाजूला ठेवून नुसती सरळ, स्वच्छ माहिती दिली तर काय होतं, याचा अभ्यास डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी केला होता. पुढे ‘व्हेरिटॅसियम’ या यूट्यूब वाहिनीमुळे जगभर माहीत झालेले हेच ते म्युलर. २००८ साली पूर्ण झालेल्या त्या प्रबंधात त्यांनी भौतिकशास्त्राच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवल्या. ज्यांनी नीटनेटकं, सरळ स्पष्टीकरण पाहिलं त्यांना ते सोपं वाटलं, पण त्यांची उत्तरं फारशी सुधारली नाहीत. आपली चुकीची समजूत आधीच बरोबर होती, असंच मानून ती मुलं उठली. ज्या चित्रफितीत चुकीची समजूत आधी बोलून दाखवली होती आणि मग ती खोडली होती, ती पाहणाऱ्यांना गोंधळल्यासारखं झालं, पण शिकले तेच जास्त.

खोडदच्या संहितेत याचा अर्थ असा की ‘आवाज’ ही समजूत फिल्ममध्ये यायलाच हवी. कोणीतरी पात्र, समजा शाळेतली एक मुलगी, तबकडीपाशी कान नेऊन विचारते, “काय बोलतायत तारे?” आणि लगेच उत्तर येतं: “काहीच नाही. ज्या लहरी इथे येतात, त्या प्रकाशाच्याच भावंडं आहेत. तुझ्या घरचा रेडिओ त्यांच्यातून आवाज तयार करतो. ही दुर्बीण त्यांच्यापासून चित्र तयार करते.”

इथे एक सावधगिरी लागते, आणि ती प्रबंधात सापडत नाही. म्युलर यांचे विद्यार्थी चित्रफीत संपेपर्यंत जागेवर बसलेले होते. विज्ञान दिनाच्या मंडपात माणसं मधेच येतात आणि मधेच जातात. चुकीची समजूत पहिल्या मिनिटाला मांडून तिसऱ्या मिनिटाला खोडली, तर दुसऱ्या मिनिटाला उठलेला माणूस संस्थेच्याच शिक्क्यानिशी चूक घरी घेऊन जाईल. म्हणून प्रश्न आणि उत्तर यांच्यात दहा सेकंदांहून जास्त अंतर नको, आणि चूक निवेदकाच्या तोंडी तर कधीच नको. ती पात्राच्या तोंडी असावी, म्हणजे ती प्रश्न म्हणूनच ऐकू येते.

गाभ्याच्या भागाची पहिली संहिता बहुधा संशोधकाकडून येते, आणि ती साधारण अशी असते: ‘कोनीय विभेदनक्षमता ही तरंगलांबी व दुर्बिणीच्या व्यासाच्या गुणोत्तरावर अवलंबून असल्याने, रेडिओ तरंगलांबींसाठी अतिशय मोठ्या व्यासाची आवश्यकता भासते, जी व्यतिकरणमापन तंत्राने साध्य होते.’ वाक्यात चूक काढता येणार नाही. मात्र चार अवघड शब्द ओलांडून जो पलीकडे पोहोचेल त्याला हे आधीच माहीत असणार.

लेखक इथे संशोधकाला एकच गोष्ट विचारतो: यातलं आश्चर्य कुठे आहे? थोड्या गप्पांनंतर ते बाहेर येतं, आणि ते थक्क करणारं आहे. ४५ मीटरची ती अवाढव्य तबकडी एकटी असेल, तर तिची नजर माणसाच्या डोळ्यापेक्षा अधू असते. हायड्रोजनकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी घेतल्या, तर तिला आकाशातला पाव अंशाहून मोठा भाग एकच ठिपका म्हणून दिसतो. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश असते. म्हणजे चंद्राच्या अर्ध्याहून मोठ्या तुकड्यात काय काय आहे, ते तिला वेगवेगळं सांगता येत नाही. चांगली नजर असलेला माणूस अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपतो. हिशेब केला तर तबकडी आपल्यापेक्षा पंधरा-वीस पट अधू ठरते.

असं का, हे सांगायला गुणोत्तर लागत नाही, मोजणी पुरते. डोळ्याची बाहुली तीनेक मिलिमीटर रुंद. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मी. बाहुलीच्या रुंदीत अशा सहा हजार लहरी शेजारी शेजारी मावतात. ४५ मीटरच्या तबकडीत २१ सेंटिमीटरच्या लहरी मावतात जेमतेम दोनशे. जितक्या जास्त लहरी मावतील तितकी नजर तीक्ष्ण. हे चित्रात दाखवता येतं, आणि चित्रात दाखवता येतं म्हणूनच ते संहितेत राहतं. निवेदन मग एवढंच उरतं: “ही तबकडी ४५ मीटर रुंद आहे. तरी हिची नजर तुमच्यापेक्षा अधू आहे.” त्यानंतर तीन सेकंद शांतता. मग बाहुली आणि तबकडी पडद्यावर शेजारी शेजारी, आणि दोन्हींत लहरी भरत जातात.

हे वाक्य संशोधकाकडे परत गेलं की पेन्सिलीच्या खुणा होऊन येतं. तबकडी इतर तरंगलांबींवरही काम करते आणि तिथे आकडा बदलतो. डोळ्याची तीक्ष्णता फक्त बाहुलीवर ठरत नाही, पडद्यातल्या पेशींवरही ठरते. उजेडानुसार बाहुली लहानमोठी होते. सगळे आक्षेप रास्त आहेत, पण सगळे मान्य केले तर दहा शब्दांचं वाक्य पस्तीस शब्दांचं होतं आणि आश्चर्य कुठल्या कुठे जातं. अशा वेळी दोघांनी आधीच एक कसोटी ठरवून घेतली असेल तर भांडण होत नाही. प्रत्येक आक्षेपाला विचारायचं, आत्ताचं वाक्य खोटं आहे की अपुरं? खोटं असेल तर ते जायलाच हवं, मग ते कितीही गोड असो. अपुरं असेल तर ते राहू शकतं. वरचे तिन्ही आक्षेप अपुरेपणाचे आहेत. ‘२१ सेंटिमीटरच्या लहरींसाठी’ एवढा खुलासा मोजणीच्या दृश्यात लिहून टाकला की काम भागतं.

खोटं वाक्य कसं दिसतं, तेही याच संहितेत सापडतं. “तीस तबकड्या मिळून २५ किलोमीटर रुंदीची एक दुर्बीण होते.” वाक्य ऐकायला झकास आहे, माहितीपत्रकांतही अशी वाक्यं असतात. चौदा तबकड्या मध्यभागी चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना फाकलेल्या तीन ओळींत. टोकापासून टोकापर्यंत अंतर साधारण २५ किलोमीटर, आणि एवढ्या लांबीत २१ सेंटिमीटरच्या लहरी मावतात सव्वा लाखाच्या आसपास. तीक्ष्णतेपुरतं वाक्य खरं आहे. पण ऐकणाऱ्याला वाटतं की एवढ्या मोठ्या दुर्बिणीइतकाच प्रकाशही ती गोळा करत असेल. तीसही तबकड्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर भरतं बारा एकराच्या आत. २५ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे सव्वा लाख एकरांच्या आसपास. दहा हजारांत एक असा फरक. म्हणून वाक्य बदलतं: “नजर २५ किलोमीटरच्या दुर्बिणीइतकी तीक्ष्ण. पण लहरी गोळा करणारी जागा बारा एकरांची.” जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याला बारा एकर म्हणजे किती, हे वेगळं समजवावं लागत नाही.

यापुढचा भाग सगळ्यात अवघड: लांब लांब ठेवलेल्या तबकड्या एक नजर कशा होतात? इथे एक उपमा हाताशी येते. पंचवीस किलोमीटरचा एक भलामोठा आरसा आहे अशी कल्पना करायची, त्याला काळा रंग फासायचा, आणि तीस ठिपक्यांएवढीच जागा चकचकीत ठेवायची. अशा आरशातूनही प्रतिमा मिळते, फक्त ती विस्कळीत असते. मग पृथ्वी फिरते. ताऱ्यावरून पाहिलं तर हे तीस ठिपकेही फिरत जातात आणि काळ्या जागा थोड्या थोड्या पुसल्या जातात. काही तास एकाच दिशेला नजर लावून ठेवली, की आरसा बराच भरतो. पृथ्वीच्या फिरण्याचा असा उपयोग करून घेण्याचं तंत्र केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी विकसित केलं आणि १९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

उपमा चांगली आहे, पण ती कुठे सोडायची हे संहितेत आधीच लिहून ठेवावं लागतं. आरशाचे तुकडे प्रकाश आपोआप एका बिंदूपाशी आणतात. तबकड्या तसं काही करत नाहीत. प्रत्येक तबकडी आपला संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत पाठवते आणि तिथे यंत्रं दोन-दोन तबकड्यांचे संकेत जुळवतात. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडी चित्राचा एक पैलू सांगते. लांबच्या जोड्या बारकावे सांगतात, जवळच्या जोड्या मोठे, पसरट आकार. हे निवेदनात आलं नाही तर प्रेक्षक ‘आरशाचे तुकडे बसवलेत’ एवढंच घेऊन जातो, आणि मधल्या चौदा तबकड्या दाटीने का ठेवल्या, याचं उत्तर त्याला कधीच मिळत नाही. म्हणून पडद्यावर आरसा विरघळतो, ठिपक्यांच्या तबकड्या होतात आणि दोन तबकड्यांना जोडणारी एक रेघ उमटते. मग दुसरी, दहावी, शेवटी ४३५ रेघांचं जाळं. इथे निवेदक गप्प असतो, फक्त कोपऱ्यात आकडा वाढत जातो.

जुळवणीत वेळेचाही प्रश्न आहे. तिरप्या दिशेने येणारी लहर एका टोकाच्या तबकडीवर आधी पोहोचते, दुसऱ्या टोकाच्या तबकडीवर नंतर. दुर्बीण क्षितिजाकडे झुकलेली असताना हा उशीर ऐंशी मायक्रोसेकंदांच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाच्या बारा हजाराव्या भागाएवढा. यंत्रांना तो उशीर भरून काढावा लागतो, नाहीतर वेगवेगळ्या लहरी एकमेकींशी जुळवल्या जातील आणि हाती गोंधळ येईल. फिल्ममध्ये हेच दृश्य पाच सेकंदांचं होतं. प्रेक्षकाला ती लहर आरामात सरकताना दिसते आणि रेडिओ लहरी समुद्राच्या लाटांच्या गतीने येतात असं त्याला वाटू शकतं. त्यासाठी संहितेत एक ओळ लागते: “हे दृश्य साठ हजार पटींनी संथ केलं आहे.”

ही ओळ सहज सुटून जाते, कारण निवेदनात तर काहीच चुकलेलं नसतं. अॅनिमेशनमधल्या चुका शब्दांत कमी आणि चित्रांत जास्त लपतात. याचं गाजलेलं उदाहरण २००६ सालचं आहे. हार्वर्ड विद्यापीठाने एक्सव्हिवो या स्टुडिओकडून ‘द इनर लाइफ ऑफ द सेल’ ही पेशीच्या अंतरंगाची फिल्म करून घेतली. तिच्यात कायनेसिन नावाचं प्रथिन एक मोठी पिशवी पाठीवर घेऊन, रेषेसारख्या वाटेवर एकेक पाऊल टाकत शांतपणे चालत जातं. जगभरच्या वर्गांत ते दृश्य पोहोचलं आणि आवडलं. पण खऱ्या पेशीत पाण्याचे रेणू त्या प्रथिनाला सतत धडका मारत असतात, त्याचं पाऊल थरथरत, चाचपडत पुढे पडतं, आणि आजूबाजूला इतर रेणूंची प्रचंड दाटी असते. फिल्ममध्ये आसपास मोकळी जागा आहे, आणि प्रथिनाला कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखं वाटतं. दाटी दाखवली असती तर काहीच दिसलं नसतं, हेही खरं. पण तसं वगळलं आहे हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नव्हता. पुढे त्याच मालिकेतल्या नव्या फिल्ममध्ये ती दाटी मुद्दाम दाखवण्यात आली.

खोडदच्या फिल्ममध्ये अशा जागा बऱ्याच आहेत. लहर दाखवताना चित्रकाराचा हात सहज ताऱ्यापासून निघणाऱ्या गोल वलयांकडे जातो, जणू तारा डोंगरामागेच आहे. एवढ्या दुरून येणारी लहर पृथ्वीवर पोहोचेपर्यंत सपाट झालेली असते, आणि सपाट दाखवली तरच उशिराचं दृश्य नीट कळतं. तबकडीच्या मधोमध एक बाण काढला आणि त्याचं टोक वर गेलं, की ‘ही काहीतरी पाठवते’ ही समजूत पक्की होते. म्हणून संहितेच्या चित्राच्या रकान्यात ठळक सूचना लिहावी लागते: सर्व हालचाल वरून खाली. लहर पूर्ण तबकडीएवढी रुंद काढली, तर जाळीची भोकं का चालतात हे सांगायची संधीच जाते. लहर खऱ्या प्रमाणात २१ सेंटिमीटरची आणि भोकं एक-दोन सेंटिमीटरची दाखवली, की ती भोकं लहरीच्या दृष्टीने नसल्यासारखीच आहेत हे न सांगता कळतं. पाहुण्याच्या चार प्रश्नांपैकी आणखी एकाचं उत्तर एकही शब्द न वापरता मिळतं.

म्हणूनच अशी संहिता दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं, आणि कडेला सेकंद. लिहिताना मोह उजव्या रकान्याचा होतो, कारण शब्द लेखकाच्या हातात असतात. सराईत लेखक आधी डावा रकाना लिहितात आणि चित्राने जे सांगून झालं ते उजवीकडून खोडतात. त्यानंतर प्रत्येक दृश्याचं साधं रेखाटन, म्हणजे स्टोरीबोर्ड. मग ती रेखाटनं कच्च्या आवाजावर बसवून केलेली ओबडधोबड फिल्म, तिला अॅनिमॅटिक म्हणतात. कच्चा आवाज कुणाचाही चालतो, लेखकाचा स्वतःचाही.

संशोधकाकडून तपासणी दोनदा करून घ्यावी लागते. एकदा संहितेची, आणि एकदा अॅनिमॅटिकची. दुसरी तपासणी वेळ वाचवायला टाळली की वर सांगितलेले बाण आणि वलयं पूर्ण रंगवलेल्या फिल्ममध्ये सापडतात. रेखाटनात बाण उलटा करायला दोन मिनिटं लागतात. रंगवून, हलवून, छाया-प्रकाश देऊन झालेल्या दृश्यात तेच काम आठवडाभराचं होऊ शकतं, आणि बिलात त्याची वेगळी ओळ येते. अॅनिमॅटिक मंजूर झाल्यावर शब्दही बदलायचे नाहीत, हा नियम अॅनिमेटर मंडळी कडकपणे पाळतात, कारण एक वाक्य दोन सेकंदांनी लांबलं तरी पुढची सगळी हालचाल सरकते.

अॅनिमॅटिक लोकांना दाखवायचाही हाच टप्पा. दाखवून ‘आवडलं का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो, पाहुणा भिडेखातर हो म्हणतोच. विचारायचं ते असं: “आता घरी गेल्यावर कुणी विचारलं की तीस कशाला बांधल्या, तर काय सांगाल?” उत्तर ‘जास्त ताकद यावी म्हणून’ असं आलं, तर तीक्ष्णतेचा मुद्दा पोहोचलाच नाही, मोजणीचं दृश्य पुन्हा लिहायला हवं. ‘एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून’ असं आलं तर जोड्यांचं दृश्य निसटलं आहे. आणि कोणी हातांनी दोन टोकं दाखवत ‘लांब लांब ठेवल्या की बारीक दिसतं’ असं म्हणालं, तर ते दृश्य पक्कं समजायचं. शास्त्रीय शब्द त्या उत्तरात एकही नसतो आणि त्याची गरजही नसते.

पडद्यावर मजकूर किती द्यायचा, यावरही वाद होतो. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी वीज कशी पडते ते सांगणारं छोटं अॅनिमेशन वापरून अनेक प्रयोग केले. निवेदनातलंच वाक्य पडद्यावरही लिहिलं तर शिकणं कमी होतं, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांकडे जातात, असं त्यांना आढळलं. विजेविषयी रंजक पण अवांतर माहिती मधे घातली तरी परिणाम उलटा होतो, हेही. दुसरा निष्कर्ष खोडदला जसाच्या तसा लागू पडतो. पहिला मात्र नाही. मेयर यांच्या प्रयोगांत खोली शांत होती. इथे बाहेर लाउडस्पीकर आहे, शेजारच्या टेबलावर प्रयोग चालू आहे, चाळीस मुलं एकदम बोलतायत, आणि कुणाला ऐकूच येत नसेल. पूर्ण वाक्यं नको असली, तरी प्रत्येक दृश्यात दोन-तीन शब्दांची पाटी लागतेच. आणि फिल्म दिवसभर फिरत राहणार, माणूस कुठूनही आत येणार, म्हणून ‘तीस कशाला?’ हा प्रश्न एका कोपऱ्यात सबंध चार मिनिटं लिहिलेला असलेला बरा.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात या सगळ्यातून तयार झालेलं खरं चित्र दिसायला हवं. जीएमआरटीने टिपलेली एखादी दीर्घिका पडद्यावर येते, बहुधा निळी-नारिंगी, झगमगीत. प्रेक्षक खूश होतात, आणि पुन्हा एक चूक तयार होते: ती दीर्घिका निळी आहे. रेडिओ लहरींना डोळ्याला दिसणारा रंग नसतो. कुठून किती लहरी आल्या ते आकड्यांत मिळतं आणि मग माणसं त्या आकड्यांना रंग देतात. हे सांगायला एक सोपी युक्ती आहे. चित्र आधी करड्या छटांत दाखवायचं, त्यावर रंग चढताना दाखवायचे, आणि पात्र असलेली ती मुलगी म्हणते, “मी हिरवा देऊ?” निवेदक म्हणतो, “दे.” चित्र हिरवं होतं. पाच सेकंदांत काम झालं.

शेवटी भाषा. अशी फिल्म मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लागते, आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजी संहिता आधी पक्की करून बाकीच्या दोन तिच्यावर चढवल्या जातात. चित्रांची लांबी इंग्रजीवर बेतलेली असल्याने मराठी निवेदकाला धावावं लागतं आणि मंडपातले सगळ्यात जास्त प्रेक्षक धावतं निवेदन ऐकतात. खोडदला मराठी आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रं बसवावीत, पाट्या चित्रात न रंगवता वेगळ्या थरावर ठेवाव्यात म्हणजे भाषेनुसार बदलता येतील, आणि हिंदी-इंग्रजी निवेदकांना उरलेल्या जागेत सावकाश बोलू द्यावं.